एका काकूच्या आठ काकू

दिवसाला नव्वद गिऱ्हाइकं निघाली तर वहिनी आमच्याकडे राहणार होती. एकोणनव्वद निघाली तर जाणार होती. ही अट तिने आम्हाला घातली नव्हती, आमच्या गल्लीला घातली होती. गल्लीला याची काहीच कल्पना नव्हती. ती आपली नेहमीसारखी येत-जात होती.

दादाला जाऊन चौदा महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं. वहिनी या घरात दादामुळे आली होती, आणि आता घरात दादा सोडून त्याचं सगळं होतं: त्याचे बूट, त्याचं तपकिरी जाकीट, त्याची बायको. तिला कोणी जा म्हणत नव्हतं आणि कोणी राहा म्हणत नव्हतं. आमच्याकडे असलं काही बोलायची पद्धत नाही. आई फार माया दाटून आली तर "ताटात अजून थोडं घे" म्हणते. त्या चौदा महिन्यांत वहिनीचं वजन सहा किलो वाढलं होतं, त्यावरून काय ते समजावं.

वहिनी अकरा वर्षं एका मोठ्या बेकरीत भट्टीवर होती. पहाटे चारला जायची, दुपारी एकला सुटायची. तिला स्वतःचं दुकान टाकायचं होतं: पाव, बन, टोस्ट, बस. दादाच्या कंपनीकडून जी रक्कम आली होती ती तिने तशीच ठेवली होती.

"हे पैसे एकदाच मिळतात, भाऊजी," ती म्हणाली. "नवरा काही पुन्हा पुन्हा जात नाही. जागा चुकून चालायची नाही."

जागा दोन होत्या. एक आमच्या गल्लीतला गाळा, घरापासून चार मिनिटांवर, आधी तिथे छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुसरी वहिनीच्या ताईच्या गावात, इथून सहा तासांवर, एका कारखान्याच्या वसाहतीच्या दाराशी. ताई रोज फोन करून विचारायची, "काय ठरलं?" वहिनी म्हणायची, "मोजते आहे."

"मोजायचं काय त्यात?" आई एकदा बोलली. "इथे घर आहे. तिथे काय आहे?"

"गिऱ्हाईक कुठे आहे ते बघायचं, आई. माझं मन कुठे आहे ते बघून पाव खपत नाही."

आईने पातेल्यात डाव घातला. मग म्हणाली, "ताटात अजून थोडं घे."

मोजायच्या कामावर माझी नेमणूक झाली. मी तेव्हा नोकरी शोधत होतो. नोकरी मला शोधत नव्हती, त्यामुळे वेळ होता. वहिनीने एक बोटभर यंत्र आणलं. बटण दाबलं की खट्ट आवाज होऊन आकडा एकने पुढे जायचा. आम्ही त्याला खटका म्हणायला लागलो. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी बारा ते एक मी बसायचं, कारण तेव्हा ती भट्टीवर असायची. संध्याकाळी सहा ते आठ ती बसणार.

"गाळ्याच्या बाजूने जो जाईल तो एक," तिने नियम सांगितला. "पलीकडच्या फुटपाथवरचा नाही, पावासाठी कोणी रस्ता ओलांडत नाही. दहा वर्षांखालची पोरं नाहीत. गाडीवरचा नाही. तोच माणूस परत आला तर पुन्हा एक, कारण तो दारावरून पुन्हा गेला."

"कुत्रं?"

"कुत्र्याच्या हातात पिशवी असेल तर धरा."

पिशव्यांचा रकाना वेगळा होता. हातात पिशवी म्हणजे माणूस काहीतरी घ्यायला निघालाय किंवा घेऊन आलाय. गाळ्यापाशी पावलं मंद होतात का, हाही एक रकाना होता. गाळ्यासमोर एक खड्डा होता, त्यामुळे सगळ्यांचीच पावलं मंद व्हायची. वहिनीने तो रकाना दुसऱ्या दिवशी खोडला.

सकाळचे दोन तास पूर्ण मोजलेले, म्हणून ते तसेच धरायचे. दुपारचा एक तास मोजलेला, पण नऊ ते पाच असे आठ तास साधारण तसेच सुस्त जातात, म्हणून त्याला आठने गुणायचं. संध्याकाळ पाच ते नऊ, त्यातले दोन तास मोजलेले, म्हणून दुप्पट. असा दिवसाचा आकडा निघायचा. मला यातलं दुपारचं गणित फार आवडलं. दुपारी एक काकू दारावरून गेली की वहीत ती आठ काकू व्हायची. एवढी बरकत मी कशातच पाहिली नव्हती.

नुसती डोकी मोजून भागत नव्हतं. त्यातली किती दुकानात शिरतात ते कळायला हवं होतं, आणि त्यासाठी चौकातला मिशीवाला होता. त्याची बेकरी आमच्या गाळ्यापासून तीनशे पावलांवर. वहिनीने मला रोज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक बन आणायला पाठवलं आणि रात्री बंद होताना एक. दोन्ही वेळा बिल मागून घ्यायचं. बिलावर नंबर असतो. रात्रीच्या नंबरातून सकाळचा वजा केला की त्याची दिवसाची गिऱ्हाइकं. मिशीवाल्याला वाटलं मी फार हिशेबी माणूस आहे. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "एवढ्याशा बनचं बिल कशाला रे? परत करायचाय का?"

"आठवण म्हणून ठेवतो," मी म्हणालो.

त्याची सरासरी निघाली दोनशे बारा. त्याच्या दारावरून जाणारे मोजले, दिवसाला दोन हजार सहाशे पन्नास. म्हणजे शंभरातले आठ आत शिरतात.

"मग आपले पण आठ," मी म्हणालो.

"आपले चार," वहिनी म्हणाली. "त्याच्याकडे वीस वर्षांची सवय आहे. शिवाय लोक बसथांब्यावरून घरी येतात तेव्हा आधी तो लागतो, मग आपण. ज्याच्या पिशवीत पाव आहे तो दुसरा पाव घेत नाही."

चार टक्क्यांनी नव्वद हवेत म्हणजे दारावरून दिवसाला सव्वादोन हजार माणसं गेली पाहिजेत. गाळ्याचं भाडं, पीठ, वीज, सगळं धरून तिने नव्वद काढले होते. त्याखाली रोज थोडं थोडं खिशातून जाणार.

पहिल्या आठवड्यात आकडा आला दोन हजार तीनशे. ब्याण्णव गिऱ्हाइकं. मी वही आईला दाखवली. आईने चष्मा लावून पान उलटं-सुलटं पाहिलं आणि म्हणाली, "झालं ना मग?"

"नाही झालं," वहिनी म्हणाली. ती अंडीवाल्याकडून आली होती. दोन-तीन दिवस ती त्याच्याशी गप्पा मारत होती. मला वाटत होतं ओळख वाढली म्हणून भाव कमी करून घेतेय. "अंडीवाला म्हणतो, ही गल्ली महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डझनाने अंडी नेते आणि शेवटच्या आठवड्यात दोन-दोन. किराणावाल्याकडेही तेच. सुरुवातीला शाम्पूची बाटली, शेवटी पुडी. पगारावर चालणारी गल्ली आहे. आपण पगाराच्या आठवड्यात मोजलं. महिनाअखेरीला पुन्हा मोजायचं. त्यात टिकली तर टिकली."

 आईने चष्मा काढला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

महिनाअखेरीच्या पहिल्या सकाळी मी गाळ्याच्या पायरीवर खटका घेऊन बसलो. गर्दी खरंच पातळ होती. साडेसातला आमच्या इमारतीतल्या हेडबाई गेल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही जिना चढताना रांगेत चढल्यासारख्या चढतात. खट्ट. पाच मिनिटांनी त्या परत आल्या. खट्ट. मग गुडघेवाल्या काकू गेल्या, ज्या गुडघ्यांमुळे दोन वर्षं इमारतीबाहेर पडल्या नव्हत्या. खट्ट. त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी. मग पुन्हा हेडबाई, या वेळी हातात पिशवी. पिशवीच्या रकान्याचं गुपित कोणीतरी फोडलं होतं.

आठ वाजता समोरून एक माणूस आला. तपकिरी जाकीट, डोक्यावर कानटोपी, मान खाली.  ते दादाचं जाकीट होतं. चौदा महिने आईने ते कपाटातून कोणाला काढू दिलं नव्हतं. मला एकदा थंडी वाजत होती तर म्हणाली होती, पांघरूण घे. आता ते आईच्या अंगात होतं, बाह्या दोन वेळा दुमडलेल्या, आणि ती खड्डा बघून, जरा लांब टांग टाकून, पुरुषासारखी चालायचा प्रयत्न करत दारावरून गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. मला ओळखायचं नाही असं तिचं ठरलेलं असावं.

माझा अंगठा बटणावर होता. नियम स्पष्ट होता: दारावरून जो जाईल तो एक. परत आला तर पुन्हा एक. आई नियमात बसत होती. सगळ्याच बसत होत्या. त्या कुठेच चालल्या नव्हत्या, एवढंच काय ते नियमात लिहायचं राहिलं होतं.

खट्ट.

अकरा जणी होत्या. हेडबाईंनी वेळापत्रक केलं होतं, पुढे ते मला मिळालं. वहीच्या पानावर आखून, प्रत्येकीच्या फेऱ्या, आणि खाली "कोणीही मोजणाऱ्याशी बोलू नये". सकाळच्या पाळीत एकशेसत्तर फेऱ्या झाल्या. दुपारी ऊन लागतं म्हणून थोड्याच, पंचेचाळीस. पण दुपारची काकू आठपट होते. आईला हे माहीत होतं. मीच हौसेने तिला समजावून सांगितलं होतं.

सहा दिवस हे चाललं. सकाळी वहिनी भट्टीवर असायची. संध्याकाळी ती खटका घेऊन बसायची तेव्हा अकराही जणी घरी पाय चेपत बसलेल्या असायच्या. घरात आई माझ्याशी या विषयावर बोलली नाही. मीही नाही. आमच्याकडे असलं काही बोलायची पद्धत नाही.

शनिवारी वहिनीने बेरीज केली. सकाळी सहाशे वीस. दुपारी एकशेपाच, आठने आठशे चाळीस. संध्याकाळी चारशे, दुपटीने आठशे. दोन हजार दोनशे साठ. चार टक्क्यांनी नव्वद.

ती आकड्याकडे बराच वेळ बघत बसली.

"संध्याकाळ पडली," ती म्हणाली. "तीनातला एक माणूस कमी झालाय. पण दुपार वाढली कशी?"

मी पाणी प्यायला उठलो.

"हां," ती मागून म्हणाली. "महिनाअखेर लोक बाहेर जेवत नाहीत. पैसे वाचवायला दुपारी घरी येत असतील. म्हणजे दुपारी ताजा पाव लागेल. दुपारचा एक घाणा काढायचा." आणि ती हसली. चौदा महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही. पण ते दुसऱ्याच्या विनोदाला, चार पैशांची टीप द्यावी तसं. हे तिचं स्वतःचं होतं.

तिने ताईला फोन करून सांगितलं की इथेच ठरलं. ताई बराच वेळ बोलत होती. वहिनी म्हणत होती, "अगं, आकडा आलाय. आकडा आलाय ना." मग ती दलालाला म्हणाली, सोमवारी दुपारी तीनला सह्या करू, डिपॉझिट घेऊन येते. त्या रात्री आईने तिला ताटात अजून थोडं घे म्हटलं नाही. न विचारताच वाढलं.

मी माझ्या खोलीत बसून खरी बेरीज केली. आईच्या आणि तिच्या टोळीच्या फेऱ्या मी वहीच्या मागच्या पानावर वेगळ्या लिहिल्या होत्या. का लिहिल्या ते माहीत नाही. सवय लागते मोजायची. त्या वजा केल्या. सतराशे तीस. चार टक्क्यांनी एकोणसत्तर. नव्वदला एकवीस कमी, रोज. आणि महिनाअखेरीला येणारं गिऱ्हाईकही दोन-दोन अंड्यांवालं. भट्टी, डिपॉझिट, रंग वगैरे जाऊन तिच्याकडे जे उरणार होतं ते या हिशेबाने सात महिने पुरत होतं. मी तीनदा करून पाहिलं. एकदा साडेसात आले, पण ती माझी चूक होती.

रविवारी सकाळी वहिनी गाळ्याची मापं घ्यायला गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. आई कोथिंबीर निवडत होती.

"आई, सात महिन्यांत तिचे सगळे पैसे जातील."

आईने कोथिंबिरीची एक काडी उचलली, पिवळं पान खुडलं, काडी बाजूला ठेवली.

"ऐकलंस का? सात महिने. मग ती दुकान बंद करेल, आणि मग तिच्याकडे ना दुकान, ना पैसे. तेव्हाही जाईलच ती. रिकाम्या हाताने जाईल."

"सात महिने तर सात महिने," आई म्हणाली.

मी तिथेच उभा राहिलो. तिने पुढची काडी उचलली. पिवळी पानं बरोबर निघत होती.

"तू सांगणार असशील तर सांग," ती म्हणाली. "मला विचारून सांगू नकोस."

गाळ्यात वहिनी मोजपट्टी घेऊन उभी होती. भिंतींना अजून छत्र्यांचे खिळे होते. तिने मला मोजपट्टीचं एक टोक दिलं आणि दुसरं घेऊन मागच्या भिंतीपर्यंत गेली.

"भट्टी इथे," ती म्हणाली. "दार उघडं ठेवलं की वास खड्ड्यापर्यंत जाईल. खड्डा चांगलाय, भाऊजी. नगरपालिकेने बुजवला तर मी पुन्हा खणेन."

"वहिनी, दुपारचे एकशेपाच नव्हते. साठ होते."

ती काहीतरी पुटपुटत माप लिहीत होती. मग पेन्सिल थांबली.

"पंचेचाळीस कोण?"

"इमारतीतल्या सगळ्या. हेडबाई. गुडघेवाल्या काकू. आई."

"आई?"

"जाकीट घालून."

कोणतं जाकीट ते तिने विचारलं नाही. मोजपट्टी आमच्या दोघांच्या मध्ये ताणलेली होती आणि मी टोक घट्ट धरून उभा होतो, जसं काही अजून काही मोजायचं राहिलंय.

"सकाळचे?"

"एकशेसत्तर."

"साडेचारशे, चारशे ऐंशी, आठशे," ती म्हणाली. वही बघावी लागली नाही तिला. "सतराशे तीस. एकोणसत्तर."

"हो."

"आणि तुम्ही खटका दाबत होतात."

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार करून आलो होतो. ती खिळ्यांच्या भिंतीला टेकली.

"दुपार कधी वाढत नसते," ती म्हणाली. "अकरा वर्षं पाव विकला जाताना बघतेय. दुपारी कोणी पाव घेत नाही. महिनाअखेर असो नाहीतर जग बुडो. मला माहीत होतं की. पण आकडा असा आला आणि मी त्याच्यासाठी कारण शोधलं. त्याला उलट विचारलं नाही." तिने तिच्याकडचं टोक सोडलं. मोजपट्टी सर्रकन माझ्या हातात आली आणि अंगठ्याला लागली. "मला आवडला हो तो आकडा."

मी अंगठा चोखत उभा राहिलो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

वहिनी घरी आली तेव्हा आई पलंगावर बसलेली होती, पाय खाली सोडून. वहिनीने तेलाची वाटी कोमट केली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. आईचा एक पाय मांडीवर घेतला.

"किती फेऱ्या घातल्यात रोज?"

"मी कुठे काय," आई म्हणाली. "डॉक्टरने चालायला सांगितलंय."

"किती, आई?"

"एकोणीस."

"एकोणीसच का?"

"हेडबाईंनी वीस सांगितल्या होत्या," आई म्हणाली. "विसावीला दम लागायचा."

वहिनी हसायला लागली. हसताना तेल तिच्या कपाळाला लागलं, मग डोळ्यांना लागलं असावं, कारण ती बराच वेळ मान वर करेना. आईने हात पुढे केला. तिच्या केसांवर ठेवायचा होता बहुतेक. तो वाटेत थांबला, आणि आईने वाटी उचलून जरा बाजूला सरकवली, जणू त्यासाठीच निघाला होता.

सोमवारी दलालाला मी निरोप दिला. "बाईंचं मन बदललं का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, मन नाही, बेरीज. तो म्हणाला, बेरीज जमवून देता आली असती.

ताईच्या गावाला वहिनीबरोबर मी गेलो. "तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नाही," ती म्हणाली. "दुसरं कोणी रिकामं नाही म्हणून." तिथलं ताईने मोजलेलं तिने ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. ताईलाही ती तिथे हवी होती. मोजणाऱ्याला काय हवंय, हे वहिनी आता आधी तपासत होती. सगळं पहिल्यापासून. तेच नियम, त्याच वेळा. फक्त एक ओळ तिने वहीत वाढवली होती: "जाणारा कुठेतरी जात असला पाहिजे." ती कशी तपासायची ते मात्र तिने लिहिलं नव्हतं.

त्या वसाहतीत दीड किलोमीटरच्या आत पावाचं दुकान नव्हतं. किराणावाल्याकडे कागदात गुंडाळलेला पाव यायचा, तोही एक दिवसाचा शिळा. आम्ही त्याच्या दाराशी थांबून बघितलं, दुपारपर्यंत संपायचा. शिळा संपतो म्हणजे भूक आहे, वहिनी म्हणाली. कारखान्यात पगार आठवड्याला व्हायचा, शनिवारी. अंडीवाला इथे शनिवार ते शुक्रवार बोलायचा, महिन्याचं बोलायचाच नाही. शुक्रवारी खिसे रिकामे. शुक्रवार टिकला तर सगळं टिकलं. भाडं निम्मं, म्हणून इथे पासष्ट गिऱ्हाइकं पुरणार होती. चार टक्केच धरले, स्पर्धा नसली तरी, "नवीन बाईवर लोक लगेच भरवसा ठेवत नाहीत."

मी शुक्रवारी संध्याकाळी बसलो. सकाळचे चारशे तीस झाले होते, दुपारचे पंचेचाळीस, त्याचे तीनशे साठ. पासष्टसाठी संध्याकाळच्या दोन तासांत चारशे अठरा माणसं हवी होती. वहिनी मुद्दाम आली नाही. ताईकडे बसून राहिली.

सहा वाजता रस्ता रिकामा होता. एक म्हातारा गेला. दोन बाया. मी प्रत्येकासाठी एकेकदा बटण दाबलं. सव्वासहापर्यंत छत्तीस. मला बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर वाईट वाटलं. इथे फेऱ्या घालणारं कोणी नव्हतं. मला फक्त अंगठा थोडा आळशी करायचा होता. चारशे अठराला सतरा कमी पडले असते तरी ती माझ्यासोबत सहा तासांची बस पकडून परत आली असती. आईने दाराशी उभं राहून "आलात?" म्हटलं असतं.

साडेसहाला कारखान्याचा भोंगा वाजला.

दार उघडलं आणि माणसं यायला लागली. एकदम नाही, आधी दोघं-तिघं, मग घोळका, मग पूर्ण रस्ता भरून. डबे हातात, मान खाली, घरी चाललेली. प्रत्येक जण कुठेतरी जात होता, हे कोणालाही दिसलं असतं. मी दाबत होतो. खट्ट, खट्ट, खट्ट. अंगठा मोजपट्टीने कापला होता तिथे दुखत होता. एक बाई थांबली आणि बंद शटरकडे बघून म्हणाली, "इथे काय होणारे?"

"पाव," मी म्हणालो.

"ताजा?"

"हो."

"कधी?"

 तिच्यामागून सात जण गेले आणि ते मोजायचे होते.

आठला पाचशे तीस झाले. दिवसाचे अठराशे पन्नास. चौऱ्याहत्तर गिऱ्हाइकं.

ताईच्या दारात वहिनीने विचारलं, "किती?"

मी खटका तिच्या हातात दिला. तिने आकडा वाचला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, एखादी नोट उजेडात धरून बघतात तसं.

"बरोबर आहेत," मी म्हणालो. "एकही जास्त नाही."

"आणि कमी?"

"कमीही नाही."

तिने मान हलवली आणि आत गेली.

आईचा फोन आला तेव्हा मी जिन्यात बसलो होतो.

"किती?"

"चौऱ्याहत्तर."

"लागत किती होते?"

"पासष्ट."

पलीकडून नळ बंद केल्याचा आवाज आला. 

"आई?"

"तिथे पाणी रोज येतं का?" तिने विचारलं.

"विचारतो."

"विचार. आणि भट्टीवर उभं राहायचं तिला, खाली जाड चटई लागेल. इथली घेऊन जाईल म्हणावं. मी धुऊन ठेवते."

"बरं."

"तू जेवलास?"

"नाही अजून."

"ती?"

"तीपण नाही."

"मग जेवा," आई म्हणाली. फोन तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता, आणि तो तिला ऐकू जावा म्हणून मी फोन थोडा दाराकडे धरून बसलो.